रजोनिवृत्ती

सलग बारा महिने मासिक पाळी आली नाही आणि त्यामागे गर्भधारणा, औषध किंवा आजार असे दुसरे कारण नसेल, तर त्या शेवटच्या पाळीला रजोनिवृत्ती म्हणतात. बोलीत 'पाळी गेली' किंवा 'मेनोपॉज आला' असे म्हटले जाते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी ४६-४७च्या आसपास आहे. चाळिशीच्या आतच पाळी गेली, तर ती अकाली समजून तपासणी करावी लागते.

त्रास मात्र शेवटच्या पाळीच्या बराच आधी सुरू होतो. पाळी मागेपुढे होते, कधी दोन महिने येत नाही, मग एकदम जास्त रक्तस्राव होतो. या काळात गर्भ राहू शकतो, त्यामुळे गर्भनिरोधन लगेच सोडता येत नाही.

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे अंगातून गरम वाफा येणे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाले की हे केंद्र अतिसंवेदनशील होते आणि तापमानात जराशी वाढ झाली तरी शरीर उष्णता बाहेर टाकू लागते. छाती, मान, चेहरा तापतो, धडधडते, घाम फुटतो. काही मिनिटांत हे ओसरते आणि मागोमाग कधी थंडी वाजते. अनेकींना हा त्रास सात वर्षांपर्यंत, काहींना त्याहून जास्त काळ होतो. रात्री हेच घडले की झोप तुटते. दुसऱ्या दिवशीची चिडचिड आणि विसराळूपणा यांचे मूळ पुष्कळदा या तुटलेल्या झोपेत असते. घरचे ते 'स्वभाव बदलला' म्हणून मोडीत काढतात, आणि बाईला सर्वांत एकटे पाडणारी गोष्ट हीच ठरते.

घराने करायच्या गोष्टी साध्या आहेत. पंख्याखालची जागा तिला द्यावी, पांघरूण वेगळे ठेवावे, रात्री झोप मोडली असेल तर सकाळचा डबा आणि चहा दुसऱ्याने करावा. योनीमार्ग कोरडा पडल्याने शरीरसंबंध दुखतात, हे नवऱ्याला माहीत असले पाहिजे. तो नकार नसतो आणि त्यावर स्थानिक इस्ट्रोजेन क्रीमसारखे उपचार आहेत. वाफांवर हार्मोन उपचार सर्वांत गुणकारी आहेत. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रीसाठी मात्र डॉक्टर सहसा दुसरा मार्ग निवडतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी थांबू नये, तपासून घ्यावे.

कामाच्या जागी अडचण बहुधा तीन गोष्टींची असते: उकाडा, स्वच्छतागृह आणि सुट्टी. खिडकीजवळची जागा, पिण्याचे पाणी, गणवेशासाठी सुती कापड, अचानक रक्तस्राव झाल्यास काम सोडून जाण्याची मुभा, झोपमोडीच्या काळात उशिराची शिफ्ट, एवढ्याने बरेच निभते. वरिष्ठ पुरुष असल्यास ही मागणी तोंडावर येत नाही, म्हणून ती सगळ्यांसाठी लेखी नियमात असलेली बरी.

हे तिन्ही नाकारले गेले की काय होते, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांनी भोगले आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, पालात पाण्याची टंचाई, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या. जास्त रक्तस्राव किंवा पोटदुखी घेऊन गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला आणि खाडा टाळण्यासाठी तो पटलाही. २०१९ साली राज्य शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली.

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय काम करत राहतात, जरी ते काहीसे लवकर थकण्याची शक्यता असते. सोबत दोन्ही अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. शरीराला सवय व्हायला वर्षे मिळत नाहीत, वाफा तीव्र असतात आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. तिशीतल्या बाईला ही अवस्था घेऊन पुन्हा डोक्यावर मोळी उचलावी लागते. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची हार्मोनयुक्त तांबी असे उपाय आधी करून पाहता येतात. कर्करोगासारखे कारण नसेल, तर शस्त्रक्रिया त्यानंतरची. शस्त्रक्रिया ठरलीच, तर अंडाशय ठेवणार की काढणार, हे बाईने आणि तिच्या घरच्यांनी डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावे, आणि नंतर काय काढले याचा कागद मागून घ्यावा.