नफा २०% वाढला, मग ईपीएस का नाही?

"कंपनीचा नफा २०% वाढला म्हणजे आपल्या शेअरमागची कमाई, म्हणजे ईपीएस, पण २०% वाढली."

असं होतंच असं नाही, कारण नफा शेअर्समध्ये वाटला जातो आणि शेअर्सची संख्या बदलत असते.

समजा गेल्या वर्षी नफा १०० कोटी, शेअर १० कोटी, ईपीएस १० रुपये. यंदा नफा १२० कोटी, पण १ ऑक्टोबरला अडीच कोटी नवे शेअर काढले. ते अर्धंच वर्ष होते म्हणून सरासरी धरतात ११.२५ कोटी, ईपीएस १०.६७, म्हणजे वाढ जेमतेम ७%. आणि पुढच्या वर्षी पूर्ण १२.५ कोटी मोजले जाणार, नफा तेवढाच राहिला तरी ईपीएस ९.६० वर येईल, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

हा झाला बेसिक ईपीएस. आता डायल्यूटेड, म्हणजे पुढे निघू शकणारे शेअरही धरून काढलेला. कर्मचाऱ्यांकडे वर्षभर १ कोटी ईसॉप आहेत, ५० रुपयांना शेअर घ्यायचा हक्क, बाजारभाव सरासरी २००. त्यातून येणाऱ्या ५० कोटीत बाजारातून २५ लाख शेअर घेता येतात, म्हणून उरलेले ७५ लाखच जादा धरतात. एकूण १२ कोटी, डायल्यूटेड ईपीएस १० रुपये.

तपासायला तिमाही निकालाच्या तक्त्यात अगदी खाली बघा, बेसिक आणि डायल्यूटेड दोन्ही असतात, आणि वार्षिक अहवालात ईपीएसच्या टिपेत शेअर्सची सरासरी संख्या मिळते. बोनस किंवा स्प्लिट असेल तर मात्र घाबरू नका, तिथे जुने आकडेही नव्या संख्येवर बदलून देतात.