तारा जोडायच्या की ओळी लिहायच्या?

रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी पीएलसीचं काम केलं होतं. मिठाच्या पाण्याची टाकी उणे 8 अंशांच्या वर गेली की थंडाव्याची मागणी सुरू, उणे 12 ला बंद. मागणी आल्यावर पाच मिनिटं थांबून मगच कॉम्प्रेसर चालू करायचा. हे मी स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे एसटीत, असं लिहिलं; `Delay` हा `TON` टायमर:

```
IF NeedCool THEN
  Delay(IN := TRUE, PT := T#5m);
END_IF;
Comp := Delay.Q;
```

वाचायला बरोबर वाटतं. पण मागणी संपली तरी कॉम्प्रेसर थांबेना. शेवटी लो-प्रेशर कटआउटनं तो पाडला. झालं असं, की मागणी गेल्यावर पीएलसी `IF` च्या आत शिरतच नाही. टायमरला हाक जात नाही आणि त्याचा `Q` शेवटच्या किमतीवर, चालूवरच, गोठून राहतो. दुरुस्ती एका ओळीची:

```
Delay(IN := NeedCool, PT := T#5m);
Comp := Delay.Q;
```

फंक्शन ब्लॉक डायग्रॅममध्ये, म्हणजे एफबीडीत, ही चूक सहसा होत नाही. तिथे मागणीची तार सरळ टायमरच्या `IN` ला जोडलेली असते आणि ब्लॉक प्रत्येक फेरीत चालतो. (त्याच्या `EN` वर अट लावलीत तर तिथेही हाच खड्डा.) टायमर दोन्हीकडे तोच, फरक त्याला हाक मारण्याच्या पद्धतीत.

आयईसी 61131-3 या मानकात 2013 च्या आवृत्तीपर्यंत भाषा पाच होत्या: लॅडर, एफबीडी, एसटी, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. इन्स्ट्रक्शन लिस्ट 2013 च्या आवृत्तीनं कालबाह्य ठरवली आणि 2025 च्या आवृत्तीनं काढूनच टाकली, नव्या कामात तिच्या वाटेला जाऊ नका. लॅडर रिलेच्या वायरिंगसारखी, चार्ट टप्प्याटप्प्याच्या कामाला. गोंधळ उरतो तो एसटी आणि एफबीडीचा.

माझा कौल असा: सिग्नल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत असेल, तर एफबीडी. तापमान, तुलना, टायमर, कॉम्प्रेसर हे चित्रच आहे. रात्री दोनला इलेक्ट्रिशियन लॅपटॉप जोडतो आणि सिग्नल कुठे अडलाय ते त्याला स्क्रीनवर दिसतं. मात्र आउटपुटची तार मागे वळवून इनपुटला आणलीत, तर ती किंमत मागच्या फेरीची असते, आणि ब्लॉक कोणत्या क्रमानं चालतात हे चित्रावरून नेहमी कळत नाही.

पुढे त्याच कारखान्यात चार कॉम्प्रेसर झाले. ज्याचे तास सगळ्यात कमी, तो आधी चालवायचा, बिघडलेला वगळून. एफबीडीत याचं तारांचं जाळं झालं, आणि पाचवा आला असता तर निम्मं उसवावं लागलं असतं. एसटीत एक `FOR` लूप पुरला. लूपची मर्यादा तेवढी पक्की हवी. `WHILE` अडकला तर वॉचडॉग पीएलसीच थांबवतो.

मग मी निवडीचा भाग एसटीत लिहून त्याचा ब्लॉक केला आणि तो एफबीडीच्या चित्रात ठेवला. इलेक्ट्रिशियनला आता आत चार तासमीटर जाताना आणि बाहेर कॉम्प्रेसरचा नंबर येताना दिसतो. आतला लूप त्याला उघडावा लागत नाही.