गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सोसायटीच्या कमिटीकडे खर्चाचा प्रस्ताव : कोणी, केव्हा, कसा द्यावा

आमची इमारत 28 वर्षांची. खाली पार्किंग, वर आठ मजले, 32 सदनिका. दर जुलैत आठव्या मजल्यावरचे चौघे बादल्या घेऊन उभे असतात आणि कमिटीला अर्ज देतात : "गच्ची गळते, त्वरित उपाय करावा." यावर कमिटी एकच करू शकते, ते म्हणजे मिस्त्री बोलावून भेगा भरून घेणं. खर्चाचा निर्णय व्हावा असं वाटत असेल तर अर्जही निर्णय घेता येईल असा हवा. गेल्या वर्षी आम्ही तो कसा केला, ते सांगतो.

अर्ज कोण करू शकतो

सोसायटीचा कोणताही सभासद सचिवांना लेखी अर्ज देऊ शकतो. भाडेकरूने घरमालकामार्फत द्यावा. "गळती तुमच्या घरात, खर्च तुमचा" असं वरच्या मजल्यावाल्यांना बऱ्याचदा सुनावलं जातं. ते चूक आहे. महाराष्ट्राच्या सहकार खात्याने सोसायट्यांसाठी आखलेल्या नमुना नियमांनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीने करायची दुरुस्ती आहे. गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं, तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचं. दोन घरांमधली बाथरूमची गळती मात्र यात येत नाही, तेव्हा ती या अर्जात मिसळू नका.

मंजुरी कोणाची लागते

कमिटीला स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती खर्च करता येतो, हे आधी आपल्या नोंदणीकृत उपविधींत पाहून घ्या. आदर्श उपविधींत 25 सभासदांपर्यंत 25 हजार, 26 ते 50 सभासदांना 50 हजार आणि त्यापुढे 1 लाख रुपये अशी मर्यादा आहे. म्हणजे आमच्याकडे 50 हजारांवरचं काम सर्वसाधारण सभेपुढे न्यायलाच हवं. एकाच गच्चीची 48-48 हजारांची चार बिलं करायची युक्ती कोणीतरी सुचवतंच. लेखापरीक्षणात ती पकडली जाते आणि उत्तर सचिवांना द्यावं लागतं.

आधी गच्ची ठोकून पाहा

पर्याय मांडण्याआधी रोग कळायला हवा. आम्ही इंजिनिअरला लेखी अहवालासाठी बोलावलं. त्यांनी हातोडीच्या दांड्याने गच्ची फूट-फूट अंतरावर ठोकून पाहिली. कोबा म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर. तो खालच्या स्लॅबला धरून असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर पोकळ, डब्यावर थाप मारल्यासारखा. पोकळ जागा खडूने आखल्या. 3,000 चौरस फुटांपैकी साधारण 600 भरल्या, बहुतेक पाण्याच्या टाकीभोवती आणि कठड्यालगत. मग पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून तीन दिवस पाणी साठवलं आणि खालच्या घरांत ओल कुठे उतरते ते पाहिलं. खडूच्या खुणा आणि ओलीच्या जागा जवळपास एकच निघाल्या. पुढचा सगळा प्रस्ताव या एका निरीक्षणावर उभा राहिला.

पर्याय, खर्च आणि धोका

आम्ही चार पर्याय मांडले. खालचे आकडे आम्हाला आलेल्या कोटेशनचे, 18 टक्के जीएसटी धरून आहेत. तुमच्या गावातले दर वेगळे असतील.

पहिला, नेहमीसारख्या भेगा भरणे : 38 हजार. धोका उघड आहे. पाणी सुटलेल्या कोब्याखाली साठतं, स्लॅबच्या सळया गंजत राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा 38 हजार जातात.

दुसरा, संपूर्ण गच्चीवर रासायनिक कोटिंग, 55 रुपये फुटाने : 1 लाख 94 हजार 700, पाच वर्षांची हमी. वर्षाला हिशेब केला तर हा भेगा भरण्याच्याच भावात पडतो, म्हणून सभेत सगळ्यांना हाच आवडतो. पण पोकळ कोब्यावर कोटिंग केलं की आत अडकलेली ओल उन्हाने वाफ होऊन फुगे आणते, आणि "तळ खराब होता" म्हणत कंत्राटदार हमीतून सुटतो.

तिसरा, जुना ब्रिकबॅट कोबा पूर्ण फोडून नवा करणे, 170 रुपये फुटाने : 6 लाख 1 हजार 800, दहा वर्षांची हमी. यात फोडताना स्लॅबला हादरे बसतात आणि काम अर्ध्यावर असताना अवकाळी पाऊस आला तर खालच्या घरांचे हाल होतात. एका कंत्राटदाराने जुना न फोडता त्यावरच नवा कोबा घालून स्वस्तात करू म्हटलं होतं. चार इंचांचा थर 3,000 फुटांवर म्हणजे 50 टनांच्या आसपास वजन होतं. 28 वर्षांच्या स्लॅबवर ते चढवायला इंजिनिअरांनी साफ नकार दिला आणि आम्ही तो नकार अहवालात लिहून घेतला.

चौथा, पत्र्याची शेड : 11 लाखांवर. तिला महापालिकेची परवानगी लागते, म्हणून एका ओळीत नोंदवून बाजूला ठेवली.

आमची शिफारस दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली होती, आणि ती अशी लिहिली :

"खडूने आखलेला 600 चौ. फूट कोबा फोडून नवा करावा व त्यानंतर संपूर्ण गच्चीवर कोटिंग करावे. करासह खर्च रु. 3,15,060. आठव्या मजल्यावरील चार घरांच्या छताचे प्लास्टर रु. 24,000. फोडल्यावर पोकळ भाग जास्त निघाल्यास सुमारे 10 टक्के राखीव. एकूण मागणी रु. 3,75,000. पोकळ भाग 750 चौ. फुटांपेक्षा जास्त निघाल्यास काम थांबवून पुन्हा सभेपुढे यावे."

शेवटच्या वाक्यावर कमिटीत बराच वाद झाला, पण खजिनदारांना तेच सर्वात पटलं.

पैसे कुठून

हा रकाना रिकामा ठेवलात तर सभेत पहिला प्रश्न हाच येईल. आमच्या दुरुस्ती निधीत 2 लाख 35 हजार होते, कमी पडले 1 लाख 40 हजार. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी आदर्श उपविधींप्रमाणे क्षेत्रफळावर घ्यायची असते, दर घरटी सारखी नाही. आमच्याकडे 450 फुटांची 16 आणि 650 फुटांची 16 घरं आहेत. 8 रुपये फुटाने लहान घराला 3,600 आणि मोठ्याला 5,200 येतात. हे दोन आकडे ठळक छापा, कारण लोक तेवढेच वाचतात. इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या सिंकिंग फंडाला सहज हात लावता येत नाही. त्यासाठी आर्किटेक्टचा दाखला, सभेचा ठराव आणि निबंधकांची पूर्वपरवानगी लागते.

जोडायची कागदपत्रं

तारीख असलेले फोटो, इंजिनिअरचा अहवाल, ताज्या ताळेबंदातलं निधीचं पान, ठरावाचा मसुदा आणि तीन कोटेशन. कोटेशन मागताना कामाची यादी आपण द्यायची, नाहीतर तुलना होतच नाही. आमचं सर्वात स्वस्त कोटेशन 2,600 फुटांचं निघालं. त्यात कठड्याच्या बुडाची गोलाई आणि राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, उचलणं धरलंच नव्हतं.

वेळ आणि पुढची पायरी

अर्ज पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये द्या. नोव्हेंबर ते मे गच्ची कोरडी मिळते. विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा 20, यांपैकी कमी असेल ती. आमच्यासाठी 20. ठरावात कंत्राटदाराचे 10 टक्के पैसे एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायची अट घाला.

अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या. कमिटी तो दाबून बसली, तर एक पंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष सभा बोलवायला लावू शकतात. 32 जणांत त्यासाठी सात सह्या पुरतात. चार तर आठव्या मजल्यावरच मिळतात.