आपोआप फुटणारी काच आणि कठड्याची उरलेली उंची

एका निवासी मनोऱ्याच्या एकोणिसाव्या मजल्यावरील बाल्कनीची काच भर दुपारी, घरात कोणीही नसताना, मोठा आवाज होऊन फुटली. त्यानंतर त्या इमारतीत जी चर्चा झाली ती मी जवळून ऐकली. कोणी म्हणाले, पक्षी आदळला असेल. कोणी बसवणाऱ्या कारागिराला दोष दिला. आणि नव्या घराला कोणाची तरी दृष्ट लागली, असे गंभीरपणे सांगणारेही निघाले. सर्वांच्या बोलण्यात एक गृहीतक मात्र समान होते. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, त्यामुळे बाहेरून काहीतरी घडल्याशिवाय ती फुटणे शक्य नाही, असे सगळेच धरून चालले होते. वास्तविक ही काच ज्या कारणाने मजबूत होते, त्याच कारणाने ती क्वचित कोणीही हात न लावता फुटू शकते.

टफन्ड काच तयार करताना साधी काच हव्या त्या मापात कापून, कडा घासून, सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग काही सेकंदांत घट्ट होतो, पण आतला भाग अजून गरम आणि काहीसा मऊ असतो. पुढे हा आतला भाग निवताना आकसू पाहतो, मात्र बाहेरचा कडक झालेला थर त्याला मनासारखे आकसू देत नाही. या ओढाताणीचा परिणाम म्हणून बाहेरचे थर कायमचे दाबाखाली राहतात आणि मधला भाग कायमचा ताणाखाली राहतो. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही, आणि तिला तडा जातो तो बहुधा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओरखड्यातून. हे ओरखडे दाबून मिटवलेले असल्यामुळे काच वाकवताना आधी तो साठवलेला दाब संपवावा लागतो, आणि मगच ओरखडा उघडू लागतो. मजबुतीचे रहस्य एवढेच आहे.

याची किंमत अशी, की काचेच्या जाडीचा मधला साधारण तीन-पंचमांश भाग सतत ताणलेल्या रबरासारखा असतो. तडा एकदा तिथपर्यंत पोहोचला, की साठलेली ऊर्जाच त्याला पुढे ढकलते. तो सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटे फोडत धावतो, आणि दीड मीटर रुंदीची काच सेकंदाच्या हजाराव्या भागात हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत विखुरते. टफन्ड काच थोडीशी तडकून तशीच उभी राहिली, असे होत नाही. ती एक तर पूर्ण असते किंवा मुळीच नसते.

आता प्रश्न असा, की बाहेरून धक्का बसला नसेल तर तडा आतमध्ये सुरू कसा होतो? काचेच्या भट्टीत निकेलचा एखादा कण येऊ शकतो, उदाहरणार्थ स्टेनलेस स्टीलच्या यंत्रसामग्रीचा कपचा. गंधक तर इंधनातून आणि काच स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोडियम सल्फेटमधून तिथे असतेच. या दोहोंपासून निकेल सल्फाइडचा गोलसर खडा बनतो, आणि त्याचा व्यास अनेकदा एका मिलीमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढाच असतो. निकेल सल्फाइडची स्फटिकरचना तापमानानुसार बदलते. सुमारे ३८० अंशांच्या वर तिचे एक रूप स्थिर असते आणि त्याखाली दुसरे, आणि थंड तापमानाचे हे दुसरे रूप आकारमानाने दोन ते चार टक्के मोठे असते.

साधी काच भट्टीतून निघाल्यावर सावकाश थंड होते, त्यामुळे खड्याला रूप बदलायला पुरेसा वेळ मिळतो आणि भोवतालची काचही त्याला सामावून घेते. टफन्ड काच मात्र सेकंदांत निवते. खडा उच्च तापमानाच्या रूपातच अडकतो, आणि नंतर सामान्य तापमानाला त्याचे रूपांतर अतिशय संथपणे, कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी, पूर्ण होते. तो फुगू लागतो तेव्हा त्याच्याभोवती केसासारखे तडे उमटतात. खडा बाहेरच्या दाबाच्या थरात असेल तर ते तिथेच दबून राहतात, पण ताणाच्या मधल्या थरात असेल तर काच त्याच क्षणी संपते. ऊन लागून तापलेल्या काचेत हे रूपांतर थोडे वेगाने होते, म्हणून दुपारची वेळ संशयास्पद मानण्याचे कारण नाही. मला या यंत्रणेचे विलक्षण आकर्षण वाटते, कारण एकोणिसाव्या मजल्यावर झालेल्या स्फोटाचे घड्याळ कारखान्यातील त्या काही सेकंदांत सुरू झालेले असते. दृष्ट काढल्याने निकेल सल्फाइडची स्फटिकरचना बदलत नाही, आणि ‘अनब्रेकेबल’ असे छापल्यानेही बदलत नाही.

हे निदान नवे नाही. मेलबर्नमध्ये १९५८ साली पूर्ण झालेल्या आयसीआय हाउस या उंच इमारतीच्या दर्शनी काचा फुटून पडू लागल्या, तेव्हा बॅलंटाइन या ऑस्ट्रेलियन संशोधकाने १९६१ मध्ये निकेल सल्फाइडकडे बोट दाखवले. त्यानंतर अर्धशतकाने, २०११ च्या सुमारास, टोरोंटोतील निवासी मनोऱ्यांच्या बाल्कन्यांच्या काचा रस्त्यावर कोसळल्या आणि ओंटारिओ प्रांताने २०१२ मध्ये कठड्यांच्या काचेसाठी वेगळे नियम केले.

खड्याचा पुरावा काचेच्या तुकड्यांत सापडतो, मात्र ते जागेवर राहिले तरच. उगमस्थानाशी इतरांपेक्षा मोठे असे दोन बहुकोनी तुकडे पाठीला पाठ लावून असतात, आणि त्यांचा आकार फुलपाखराच्या पंखांसारखा दिसतो. त्या दोघांच्या सामायिक कडेवर, काचेच्या जाडीच्या मधल्या भागात, भिंगातून एक काळसर ठिपका दिसतो. दगड लागून फुटलेल्या काचेत उगम पृष्ठभागावर असतो आणि तिथे काच चुरडलेली असते. चौकटीचा धातू किंवा स्क्रू काचेला टेकत असेल तर तड्यांचा पंखा कडेपासून सुरू होतो. आमच्या उदाहरणात बहुतेक काच खाली गेली होती, पण चौकटीच्या खालच्या खाचेलगत हाताच्या पंजाएवढा एक गुच्छ एकमेकांत अडकून उभा राहिला होता आणि सुदैवाने ते फुलपाखरू त्यातच होते. कारागीर निर्दोष ठरला.

यावर कारखान्यात करण्याजोगा उपाय म्हणजे हीट सोक चाचणी. टफन केलेल्या काचा पुन्हा भट्टीत घालून २६० ते २९० अंशांच्या दरम्यान सुमारे दोन तास ठेवतात. या तापमानाला वर्षांचे रूपांतर तासांत उरकते, आणि ज्यांना फुटायचे आहे त्या काचा तिथेच फुटतात. दीड मीटर रुंद, ११० सेंटिमीटर उंच आणि १२ मिलीमीटर जाड काचेचे वजन सुमारे ५० किलो भरते. अशा ४०० काचा असलेल्या मनोऱ्यात २० टन काच होते. दर ४ ते १२ टनांमागे एक धोकादायक खडा, असा ढोबळ अंदाज दिला जातो. त्याप्रमाणे चाचणी न केलेल्या काचांपैकी दोन ते पाच कधी ना कधी आपोआप फुटतील. युरोपीय मानकानुसार नीट चाचणी केल्यावर हे प्रमाण ४०० टनांमागे एकावर येते. म्हणजे आमच्यासारख्या वीस मनोऱ्यांत मिळून एक काच. शून्य मात्र नाही.

म्हणून कठड्याच्या काचेबाबत ती किती मजबूत आहे, यापेक्षा ती फुटल्यावर त्या जागी काय उरते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. एकपदरी टफन्ड काच फुटली तर ११० सेंटिमीटरचा कठडा एका क्षणात शून्य होतो. खाली काय होते, तेही पाहावे. या काचेचे तुकडे बोथट असतात हे खरे, पण ते सुटे न पडता चिकटलेल्या झुबक्यांनीही पडतात, आणि ५७ मीटर उंचीवरून पडणारा जड झुबका हवेचा विरोध वजा करूनही वाहनाच्या वेगाने जमिनीवर येतो.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये लवचिक प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला असतो, त्यामुळे फुटलेले तुकडे थराला धरून राहतात. पण विक्रेते जे सांगत नाहीत ते असे, की दोन्ही पदर टफन्ड असतील आणि दोन्ही फुटले, तर बारीक तुकड्यांना स्वतःचा ताठपणा नसतो. मधला नेहमीचा थर उन्हाने मऊ होतो, आणि वरच्या बाजूने धरलेली नसेल तर ती काच ओल्या गोधडीसारखी वाकून बाहेर लोळू शकते. म्हणून दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे काचेवर अवलंबून नसलेला, स्वतःच्या खांबांवर उभा असलेला वरचा हातगज. दुसरी म्हणजे पूर्ण टफन न करता कमी वेगाने थंड केलेल्या, ‘हीट स्ट्रेंग्थन्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काचेचे पदर. ही काच साध्या काचेच्या सुमारे दुप्पट मजबूत असते आणि मोठ्या तुकड्यांत फुटते. ते तुकडे एकमेकांत अडकून उभे राहतात, आणि आतला ताण कमी असल्यामुळे खड्याचा प्रश्नही जवळपास उरत नाही. ओंटारिओच्या नियमांनीही बाल्कनीच्या कडेबाहेर किंवा अगदी कडेला येणाऱ्या काचेसाठी हाच मार्ग धरला.

आता ते ११० सेंटिमीटर आले कुठून, हे पाहू. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या सुमारे ५६ टक्क्यांवर असतो. १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा तो जमिनीपासून १०१ सेंटिमीटरवर येतो, आणि चपला-बुटांचे तीन धरले तर १०४ वर. कठडा याहून बुटका असेल तर तोल गेलेल्या शरीरासाठी तो टेकूऐवजी उलटण्याची धार बनतो, कारण निम्म्याहून अधिक वजन धारेच्या वर असते. कठडा गुरुत्वमध्याच्या वर असेल तर धक्का बसलेले शरीर त्याला आदळून परत येते. म्हणून बहुतेक देशांचे नियम एक मीटर ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान फिरतात.

परंतु ही उंची फरशीपासून नव्हे, तर पाय जिथे टेकू शकतो तिथून मोजली पाहिजे. ४५ सेंटिमीटरच्या पक्क्या कट्ट्यावर ६५ सेंटिमीटरची काच लावली तर नकाशावर ११० भरतात, पण कट्ट्यावर चढलेल्या मुलासाठी कठडा ६५ चाच असतो. आडव्या गजांचे रेलिंग म्हणजे तर शिडीच. म्हणून गज उभे असावेत आणि दोन गजांतील फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे लहान मूल त्यातून निसटत नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी घातली की पाच-सहा सेंटिमीटर मुकाट्याने कमी होतात, आणि ते कोणी मोजत नाही.

एकोणिसाव्या मजल्यावर अखेर लॅमिनेटेड काच आणि स्वतंत्र खांबांचा हातगज बसला. काम पाहायला मी गेलो तेव्हा सगळे मापात होते. काचेला लागून, बाहेरचे दृश्य बसून पाहता यावे म्हणून, लाकडी बाक ठेवला होता. मी मोजपट्टी बाकाच्या फळीवर टेकवली. हातगजापर्यंत ६७ सेंटिमीटर भरले. बाक त्याच दिवशी घराच्या भिंतीला लागून गेला.