प्रत्येक स्क्रीनला आठचंच माप का? प्रस्तावामागची पार्श्वभूमी

आपल्या ॲपच्या प्रत्येक स्क्रीनवर मोकळी जागा 8 च्या पटीत आणि अक्षरांचे चारच आकार, हा प्रस्ताव डिझाइनच्या सगळ्या मंडळींकडे पोचला आहे. "दहा का नाही?" हा प्रश्न त्यावर लगेच आला. प्रश्न रास्त आहे, म्हणून मागची हकीकत सांगतो.

अक्षरांचे ठरावीक आकार छापखान्यातून आले. खिळे शिशाचे असत आणि प्रत्येक आकाराचा संच वेगळा ओतावा लागे. त्यामुळे कारखान्याने जे आकार दिले त्यांतच काम भागवायचं. दोन ओळींमधली जागाही धातूच्या पट्ट्या घालून करत, म्हणजे रिकाम्या जागेलाही मोजलेली जाडी होती. पुढे स्वित्झर्लंडच्या योझेफ म्युलर-ब्रोकमान यांनी पानाच्या चौकटींची उंची ओळींच्या उंचीशी बांधली. 1981 मधलं त्यांचं ग्रिडवरचं पुस्तक आजही डिझाइनवाले उघडतात. पण त्यांच्या हिशोबात आठ कुठेच नाही. आठ आला तो फोनमुळे.

अँड्रॉइडवर आपण माप डीपीत देतो. इंचाला 160 पिक्सेल असतील तर 1 डीपी म्हणजे 1 पिक्सेल. सुरुवातीच्या काळात यापेक्षा हलक्या पडद्यांना 0.75 ने आणि चांगल्यांना 1.5 ने गुणावं लागे. 10 डीपीला 0.75 ने गुणलं की 7.5 पिक्सेल येतात, आणि अर्धा पिक्सेल पडद्यावर दाखवता येत नाही. 4 चे 3 होतात, 8 चे 6. म्हणजे त्या हिशोबाने 4 सुद्धा चाललं असतं. 2014 साली गूगलने मटेरियल डिझाइन आणलं, त्यात घटकांसाठी 8 ची जाळी आणि अक्षरांच्या बैठकीसाठी 4 ची, अशी विभागणी होती.

ते जुने पडदे गेले, मग कारणही गेलं असं वाटेल. तसं नाही. आज बऱ्याच फोनच्या पडद्यांची घनता इंचाला 420 पिक्सेल धरली जाते, म्हणजे गुणक 2.625. यात 4 चे 10.5 होतात, 10 चे 26.25, आणि 8 चे बरोबर 21. घनता 440 असेल तर 8 चे 22. अपूर्णांक आला की फोन तो जवळच्या पूर्ण आकड्यावर नेतो. एका जागी ते कळत नाही, पण दहा-बारा ओळींच्या यादीत शेजारच्या रकान्याची रेघ एखाद-दोन पिक्सेलनी खालीवर दिसू लागते. माझ्या मते आठच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, "सगळे वापरतात" हा नव्हे.

आता आपली अडचण. हे सगळं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलं. मटेरियलच्या जुन्या मार्गदर्शनातही हिंदीसारख्या भाषांच्या लिपींना ओळीची जास्त उंची लागते म्हणून त्यांचा वेगळा गट केला होता. आपण मात्र 16 च्या अक्षराला 24 ची ओळ सरळ उचलली.

आपल्या हिशोबपट्टीचा स्क्रीन घ्या. कारंजा-दारव्हा भागातला शेतकरी तूर विकून आला की वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी एकूण, एवढं बघतो. प्रत्येक ओळीची उंची 40 ला पक्की, वर-खाली 8-8, म्हणजे मजकुराला 24. ऑफिसातल्या फोनवर सगळं ठीक बसतं. पण बांधावर उन्हात वाचणारा माणूस सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवतो. ती 1.3 पट केली की ओळीला 31.2 लागतात, जागा 24 च, आणि खालचा भाग कापला जातो. "एकूण"चा उकार गेला की "एकण" उरतं, नेमकं ज्या आकड्यासाठी पट्टी उघडली त्याच्या शेजारी.

म्हणून प्रस्तावात आकार असे आहेत: 14 ला 24 ची ओळ, 16 ला 28, 20 ला 32 आणि 28 ला 40. लहान दोन आकारांना प्रमाणाने जास्त जागा, मोठ्या दोन आकारांना कमी. 16 च्या अक्षराची 28 ची ओळ आठच्या पटीत नाही. ओळीच्या उंचीपुरती 4 ची मुभा ठेवली आहे. तिथे 420 घनतेच्या फोनवर अर्धा पिक्सेल येणार, आणि तो मी पत्करतो, कारण 16 च्या अक्षराला 24 अपुरे आणि 32 विरळ दिसतात.

त्यासोबत हिशोबपट्टीच्या ओळीची पक्की उंची काढून `minHeight` 48 ठेवायची. साध्या अक्षरांत 28 आणि 16 मिळून 44, ते 48 मध्ये बसतात, 1.3 पटीत ओळ आपोआप 52.4 होते. तिथे आठची पट मोडते, तर मोडू द्या. नवीन अँड्रॉइडवर अक्षरं दुप्पट करता येतात, तेव्हा "हाती येणारी रक्कम" ही ओळ दोन ओळींत उतरणार हे धरूनच आराखडा काढा. तपासताना फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करा आणि "एकूण", "हमाली", "तूर", "क्विंटल" हे शब्द पुरते दिसतात का ते पाहा.