हिवतापातील रक्तक्षय

हिवतापाच्या (मलेरियाच्या) परजीवीमुळे रक्तातील तांबड्या पेशी व हिमोग्लोबिन कमी होणे. ही घट तीन वाटांनी होते : परजीवी शिरलेल्या पेशी फुटतात, परजीवी न शिरलेल्या पेशीही प्लीहा (पानथरी) रक्तातून काढून घेते आणि अस्थिमज्जेत नव्या पेशींची निर्मिती मंदावते. पहिली वाट सर्वांत उघड असली, तरी बहुतेक रुग्णांत तिचा वाटा सर्वांत लहान असतो.

हिवतापाच्या परजीवींच्या दोन प्रमुख जाती व्हायव्हॅक्स व फाल्सिपेरम. मुंबईत हा प्रश्न प्रामुख्याने व्हायव्हॅक्स हिवतापाच्या संदर्भात येतो; फाल्सिपेरमचे रुग्णही असतात. ॲनॉफिलीस स्टेफेन्सी हा येथील वाहक डास पूर्वी वाड्यांतील विहिरींत वाढे (चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरील अहवाल, 1911). आता तो गच्चीवरील झाकण नसलेल्या टाक्यांत व बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. व्हायव्हॅक्सचा परजीवी बहुतांशी कोवळ्या तांबड्या पेशींतच (रेटिक्युलोसाइट) शिरतो. अशा पेशी रक्तात शेकडा एक-दोनच असल्याने परजीवींची संख्या फारशी वाढत नाही. तरीही हिमोग्लोबिन खाली येते.

हे कोडे नमुन्यादाखल एका हिशेबातून पाहता येते. बांधकामावरील एका मजुराला आठवडाभर आड दिवशी हुडहुडी भरून ताप येतो. त्याचे हिमोग्लोबिन आधी दर डेसिलिटरला 13 ग्रॅम होते, आता 11 आहे. स्मिअरमध्ये दर मायक्रोलिटरला 10,000 परजीवी दिसतात. तेवढ्याच रक्तात तांबड्या पेशी सुमारे 50 लाख असतात; म्हणजे बाधित पेशी शेकडा 0.2. परजीवीचे चक्र 48 तासांचे. अशी तीन चक्रे उलटली आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच पेशी फुटल्या असे धरले, तर घट शेकडा 0.6, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये 0.1 ग्रॅमही नाही. प्रत्यक्षात 2 ग्रॅम गेले आहेत.

या फरकाबाबत वारंवार उद्धृत होणारे अंदाज असे : एका बाधित पेशीमागे फाल्सिपेरममध्ये सुमारे 8, तर व्हायव्हॅक्समध्ये सुमारे 34 अबाधित पेशी नाहीशा होतात. व्हायव्हॅक्सचा आकडा मज्जासंस्थेच्या उपदंशावर उपचार म्हणून हिवताप दिल्या गेलेल्या जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून काढलेला आहे. तो आकडा वरील उदाहरणाला लावल्यास घट शेकडा 21, म्हणजे सुमारे 2.7 ग्रॅम येते. अंदाज जुळता असला तरी थोडा जास्तच. अस्थिमज्जेचे काम किती धरायचे यावर असे आकडे हलतात, त्यामुळे त्यांना स्थिरांक मानू नये.

अबाधित पेशी का जातात, याबद्दल मतभेद आहेत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस गॅम्बियातील मुलांत पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे दाखवणारी कूम्ब्ज चाचणी होकारार्थी आढळली, त्यावरून ही प्रतिपिंडे कारणीभूत मानली गेली. इतर ठिकाणी हा निष्कर्ष तितका स्पष्ट निघाला नाही. ताठरपणाचे स्पष्टीकरण आज अधिक पटण्याजोगे वाटते. तांबडी पेशी 7–8 मायक्रोमीटर रुंद. प्लीहेतील फटी एक-दोन मायक्रोमीटरच्या. लवचीक पेशी दुमडून पार होते, तर तापात ताठरलेली पेशी तेथेच अडकते आणि भक्षककोशिका तिला गिळतात. बरगडीखाली हाताला लागणारी, दाबल्यावर दुखणारी पानथरी याच कामामुळे फुगलेली असते.

अस्थिमज्जेतील मंदी रेटिक्युलोसाइटच्या मोजणीत दिसते. रक्त कमी झाल्यावर ही मोजणी वाढायला हवी. हिवतापात ताप असेपर्यंत ती कमीच राहते. दाहातील रसायने (उदा., टीएनएफ-आल्फा) आणि परजीवीचे रंगद्रव्य हिमोझॉइन यांमुळे मज्जेतील पूर्वपेशींची वाढ खुंटते. शिवाय लोहाचे नियमन करणारे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढल्याने लोह साठ्यात अडकून पडते. त्यामुळे या काळातील फेरिटिनवरून, म्हणजे लोहसाठा दर्शवणाऱ्या प्रथिनावरून, लोहाची कमतरता ठरवणे फसवे असते.

उपचार सुरू झाल्यावरही हिमोग्लोबिन काही दिवस उतरत राहते. तळ बहुधा आठवडाभराने येतो व त्यानंतर रेटिक्युलोसाइट वाढतात. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या घसरणीवरून औषध निकामी ठरवता येत नाही. मात्र व्हायव्हॅक्स पुन्हा उलटू नये म्हणून दिले जाणारे प्रायमाक्विन सुरू केल्यावर लघवी चहासारखी काळपट झाली, तर जी6पीडी या एन्झाइमाची कमतरता शोधावी लागते; ती असल्यास या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. ही चाचणी रक्तविघटन चालू असताना कमतरता असूनही स्वाभाविक येऊ शकते, कारण वयस्क, एन्झाइम कमी असलेल्या पेशी आधी फुटून गेलेल्या असतात. शिरेतून आर्टेसुनेट हे हिवतापाचे औषध दिलेल्या रुग्णांत हिमोग्लोबिन दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घसरू शकते, तेव्हा ते परत मोजावे लागते.