बंद हूडमधून वास का येतो

नवी मुंबईच्या बाजूला एका आर अँड डी लॅबमधून कॉल आला होता, तक्रार अगदी साधी, "हूड ओढत नाहीये, वास येतो." लॅब १२ मीटर बाय ८ मीटर, उंची ३ मीटर, आत ८ फ्यूम हूड, प्रत्येकाचा ब्लोअर वेगळा, गच्चीवर ओळीने बसवलेला. मेंटेनन्सवाल्यांनी जे कोणीही केलं असतं तेच केलं होतं, ब्लोअरची पुली बदलून स्पीड वाढवला होता. वास कमी झाला नाही, उलट वाढला! आणि गंमत म्हणजे वास सगळ्यात जास्त यायचा ६ नंबरच्या हूडपाशी, जो त्या आठवड्यात कोणी वापरतच नव्हतं, स्विच ऑफ होता.

फ्यूम हूड म्हणजे एक पेटी, समोर वर-खाली सरकणारी काच, तिला सॅश म्हणतात, आणि मागून डक्ट गच्चीवरच्या पंख्याला जोडलेली. काच जेवढी उघडी त्या फटीतून खोलीतली हवा आत जाते आणि फटीत हवेचा जो वेग असतो तो फेस व्हेलॉसिटी. साधारण ०.५ मीटर प्रति सेकंद धरतात, फुटाच्या हिशोबात शंभर फूट प्रति मिनिट. हा वेग ऐकायला बरा वाटतो पण माणूस आरामात चालतो तोच सव्वा मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे हूडच्या समोरून कोणी झपझप गेलं तर त्याच्या पाठीमागे ओढली जाणारी हवा हूडच्या हवेपेक्षा जोरात असते आणि आतली वाफ बाहेर खेचू शकते. सीलिंग फॅन आणि स्प्लिट एसीचा झोत तर विचारूच नका, कितीतरी कॉलेजच्या लॅबमध्ये हूडच्या बरोबर समोर पंखा गरगरत असतो.

मग वेग दुप्पट का नाही करायचा? कारण हूडसमोर माणूस उभा असतो. हवा त्याच्या पाठीकडून येते, दोन्ही बाजूंनी वळसा घालून आत जाते आणि छातीसमोर भोवरा तयार होतो, नदीत खांबाच्या पुढे पाणी फिरतं ना, तसाच. वेग वाढवला की भोवरा जोरदार होतो, आतली वाफ त्यात अडकून नाकापर्यंत चढते, शिवाय वजनकाट्यावरची पावडर उडते ते वेगळंच. वेग फारच कमी ठेवला, ०.३ च्या खाली वगैरे, तर खोलीतला कुठलाही झोत हूडला हरवतो. म्हणून एकटा वेगाचा आकडा बघून हूड सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. खरी टेस्ट वेगळी असते, हूडच्या आत सल्फर हेक्झाफ्लोराइड गॅस मिनिटाला ४ लिटर सोडायचा, समोर पुतळा उभा करायचा आणि त्याच्या तोंडापाशी किती गॅस पोचतो ते मोजायचं. अमेरिकेच्या आश्रे ११० पद्धतीत हेच करतात. युरोपच्या ईएन १४१७५ मध्ये तर एवढाच वेग हवा असा आकडाच दिलेला नाही, गॅस किती बाहेर पडतो त्यावर जोर.

आता त्या लॅबकडे परत. फेस व्हेलॉसिटी मोजताना फटीचे समान चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मध्यावर ॲनिमोमीटर धरायचा आणि सरासरी काढायची. मी पुली आधी जुन्या स्पीडवर आणायला लावली, आठही ब्लोअर चालू करायला सांगितले आणि दार उघडं असताना मोजलं, सगळ्या हूडना ०.५ च्या आसपास. मस्त. मग दार बंद केलं आणि परत मोजलं तर ०.४. पंखे तेच, हूड तेच, फक्त दार बंद! मॅनोमीटर लावला तर लॅब कॉरिडॉरपेक्षा जवळपास १०० पास्कल निगेटिव्ह होती, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा तेवढा कमी, अशा खोलीत ५ ते १५ पुरे असतात. १०० पास्कल म्हणजे किती ते दाराला विचारा, ०.९ बाय २.१ मीटरचं दार, हँडलपाशी साडेनऊ-दहा किलोचा जोर लागतो. तिथल्या मुली दोन हातांनी दार ओढायच्या आणि सगळ्यांचं म्हणणं होतं डोअर क्लोजर खराब झालाय. क्लोजर दोनदा बदलून झाला होता.

मग ६ नंबर बंद केला आणि त्याच्या सॅशखाली स्मोक ट्यूब धरली. धूर आत जायला हवा, नाहीतर निदान तिथेच घुटमळायला हवा, तो सरळ माझ्या तोंडावर आला. बाकीचे सात ब्लोअर खोलीतली हवा ओढत होते, खोलीत हवा यायला पुरेशी वाटच नव्हती, मग हवेने स्वतःच वाट शोधली, गच्चीवरून ६ नंबरच्या बंद ब्लोअरमधून उलटी, डक्टमधून खाली. येताना शेजारच्या हूडच्या चिमण्यांमधून निघालेली वाफ आणि डक्टमध्ये साचलेलं जे काय होतं ते सोबत घेऊन. पुली बदलून स्पीड वाढवला तेव्हा वास का वाढला ते आता कळलं असेलच, खोली अजून निगेटिव्ह झाली, उलटा झोत अजून जोरात.

थोडक्यात तक्रार हूडची नव्हतीच, खोलीला हवा मिळत नव्हती. हिशोब सोपा आहे. सॅश अर्धा मीटर उघडी, रुंदी दीड मीटर, म्हणजे पाऊण चौरस मीटर, गुणिले ०.५, हे झाले सेकंदाला ०.३७५ घनमीटर, तासाला १३५०. आठ हूडचे १०,८००. खोलीत एकूण हवाच २८८ घनमीटर! दर ९६ सेकंदांनी आख्खी खोली गच्चीवर फेकली जाते. जेवढी फेकली तेवढी कुठून तरी आलीच पाहिजे, तिला मेकअप एअर म्हणतात, आणि तिथे एसीतून जेमतेम ३००० घनमीटर ताजी हवा येत होती. बाकीची दाराच्या फटीतून, फॉल्स सीलिंगमधून, जमेल तिथून.

मग द्या ना हवा, अडलंय कुठे? अडतं बिलावर. आपल्या दमट हवेत बाहेर ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल आणि आत २४ डिग्री, ५५ टक्के हवी असेल, तर १०,८०० घनमीटर हवेला सुमारे ३९ टन कूलिंग लागतं, एका हूडमागे जवळपास ५ टन, म्हणजे घरातले दीड टनाचे तीन एसी लावूनही पुरणार नाहीत. आणि ही थंड केलेली हवा दीड मिनिटात बाहेर. यावर एक जुनी शक्कल होती, हूडच्या माथ्यावरूनच बाहेरची गरम हवा सोडायची म्हणजे थंड करावी लागत नाही. केमिस्टच्या डोक्यावर दिवसभर दमट झोत आणि तोच झोत हूडची पकड मोडतो, त्यामुळे ती पद्धत मागे पडली, बरंच झालं.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे मुळात कमी हवा फेकायची. आठही हूड सतत उघडे कशाला लागतात? इथे व्हीएव्ही येतं, हवेचं प्रमाण बदलणारी सिस्टिम. सॅशला एक सेन्सर, काच किती वर आहे ते सांगतो, डक्टमध्ये व्हॉल्व्ह, कंट्रोलर हिशोब करून व्हॉल्व्ह तेवढाच उघडतो की फटीतला वेग ०.५ च राहील, आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं नाहीतर काच उचलली आणि वेग पडला त्या मधल्या क्षणात वाफ बाहेर. काच पूर्ण बंद असली तरी हवा शून्य करायची नाही, आत सॉल्व्हंट असतं, वाफ साचून पेट घेईल, म्हणून आपण इथे प्रत्येक हूडला तासाला किमान ३०० घनमीटर ठेवली.

वेगळे आठ ब्लोअर काढून एकच कॉमन डक्ट केली, गच्चीवर दोन पंखे, एक चालू एक स्टँडबाय. त्यामुळे "बंद हूड" हा प्रकारच उरला नाही, डक्ट कायम निगेटिव्ह, उलटी हवा यायला जागाच नाही. (परक्लोरिक ॲसिड तापवत असाल तर तो हूड मात्र या डक्टला अजिबात जोडायचा नाही, त्याचे स्फोटक क्षार डक्टमध्ये जमतात, त्याला वेगळी धुता येणारी लाइन.) एक अडचण अशी की हवा कमी झाली की चिमणीतून बाहेर पडणारा झोत पण मंदावतो, आणि तो साधारण १५ मीटर प्रति सेकंद नसेल तर वाफ वर न जाता गच्चीवरच लोळते आणि ताज्या हवेच्या तोंडातून परत आत येते. म्हणून पंख्याच्या आधी एक बायपास डँपर, डक्टमधली हवा घटली की तो गच्चीवरची साधी हवा आत घेतो, झोत तेवढाच राहतो. त्याला पंख्याची वीज लागते पण कूलिंग नाही, आणि महाग तर कूलिंगच असतं.

आत येणाऱ्या हवेसाठी टीएफए युनिट बसवलं, बाहेरची ताजी हवा थंड करून आत सोडणारं, आणि ते एक्झॉस्टच्या मागोमाग चालतं, कायम ६०० घनमीटर कमी. आठही उघडे असतील तर १०,२०० आत, सगळे बंद असतील तर एक्झॉस्ट २४०० आणि आत १८००. हे ६०० ठरावीकच ठेवायचं, टक्केवारीत नाही. दाराची फट रात्री लहान होत नाही ना! १० टक्के ठेवलं असतं तर रात्री फरक २४० वर आला असता आणि खोली निगेटिव्ह आहे की नाही तेच कळलं नसतं. हवा सोडायला छिद्रांचे मोठे पॅनल घेतले, हूडपासून लांब, सॅशपाशी झोत ०.२५ च्या खाली राहील असे, कारण फेस व्हेलॉसिटीच्या निम्म्याहून जास्त आडवा झोत चालत नाही. आधीचा चौकोनी डिफ्यूझर २ नंबरच्या बरोबर डोक्यावर होता, तो बंद केला.

दिवसा तीन हूड उघडे आणि पाच बंद धरले तर ५५५० घनमीटर होतात, पहिल्याच्या जेमतेम निम्मे, कूलिंग पण वीस टनावर. रात्रीचे २४०० म्हणजे खोलीला तासाला आठ हवाबदल, त्याखाली जायची मला हिंमत नाही आणि त्यामुळे तिथून पुढे अजून बचत काढता येत नाही.

महिनाभराने ग्राफ बघितला. रात्री दोन वाजता २४०० ऐवजी ४५००, रोज. गणित केलं, सहा बंद आणि दोन पूर्ण उघडे असतील तरच ४५०० येतात. सेन्सर खराब असेल असं सगळे म्हणाले. सकाळी लवकर गेलो तर ३ आणि ७ नंबरमध्ये हॉटप्लेटची वायर सॅशखालून बाहेर एक्स्टेंशन बोर्डवर आलेली, काच खाली येतच नव्हती, वायर चेपेल म्हणून लोकांनी ती वरच ठेवून दिलेली. हूडच्या फ्रेमवरचे सॉकेट पाच अँपिअरचे होते आणि हॉटप्लेटचा प्लग पंधराचा. इलेक्ट्रिशियनने सॉकेट बदलले, वायर काचेपुढच्या एअरफॉइल पट्टीखालच्या फटीतून घेतली, त्या रात्रीपासून २४००.